राउंड रॉबिनचा गँट चार्ट: आधी रांग लिहा, चार्ट आपोआप येतो

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला सीपीयू शेड्युलिंग येतंच. पुणे विद्यापीठाच्या एसपीओएस लॅबमध्ये एफसीएफएस, एसजेएफ, प्रायोरिटी आणि राउंड रॉबिन अशी चौकडी असते, बाकी विद्यापीठांतही थोड्याफार फरकाने हेच. पहिल्या तिघांत फारसं कुणी अडकत नाही. राउंड रॉबिनला मात्र एकच टेबल दिलं तरी एकाचं सरासरी वेटिंग ५ येतं, दुसऱ्याचं ५.७५, तिसऱ्याचं ६, आणि गंमत म्हणजे तिघांचेही चार्ट बरोबर १५ वरच संपतात, त्यामुळे चूक कुणाची ते चार्टकडे बघून कळत नाही. कारण चूक चार्टमध्ये नसतेच, ती रांगेत असते, आणि रांग बहुतेक जण कागदावर लिहीतच नाहीत. ह्या लेखात एकच गणित घेऊ, पण शेवटपर्यंत नेऊ.

## मुळात चाललंय काय

सीपीयू एक, कामं चार. काम म्हणजे प्रोसेस. प्रत्येक प्रोसेस कधी आली ती वेळ म्हणजे अरायव्हल टाइम, आणि तिला एकूण किती वेळ सीपीयू लागणार तो बर्स्ट टाइम. आलेल्या पण सीपीयू न मिळालेल्या प्रोसेस जिथे थांबतात ती रेडी क्यू, तिला आपण सरळ रांग म्हणू.

आता सार्वजनिक नळ डोळ्यासमोर आणा. नियम असा की एका खेपेला फक्त तीन हंडे भरायचे, अजून हंडे उरले असतील तर ते उचलून परत रांगेच्या शेवटी जायचं. कुणाचे सात हंडे असोत नाहीतर एक, नियम सगळ्यांना सारखाच. राउंड रॉबिन म्हणजे हेच, आणि तो "तीन हंडे" म्हणजे टाइम क्वांटम. एक हंडा म्हणजे एक मिलिसेकंद धरा की झालं.

नळावरच्या बाईला विचारलंत की तुमचा नंबर कधी, तर ती रांगेकडे बघून सांगेल, घर नंबर बघून नाही. P1 नंतर P2, मग P3, मग P4 असं नावाच्या क्रमाने फिरवत बसणं म्हणजे घर नंबर बघून हंडे भरणं. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, तिकडे येतोच पुढे.

## आपलं गणित

```
प्रोसेस   अरायव्हल   बर्स्ट
P1        0          7
P2        2          4
P3        3          1
P4        6          3

क्वांटम = 3
```

बर्स्टची बेरीज ७ + ४ + १ + ३ = १५. पहिली प्रोसेस शून्यालाच आली आणि मध्ये कुठे सीपीयू रिकामा बसला नाही तर चार्ट १५ ला संपणार. एवढं आधीच कोपऱ्यात लिहून ठेवा.

एक नियमही आधीच ठरवून घ्यायचा. एखाद्या प्रोसेसचा क्वांटम संपला आणि नेमकी त्याच क्षणाला नवीन प्रोसेस आली, तर रांगेत आधी कोण? आपण नवीन आलेली आधी धरू, कॉलेजातल्या गणितांत बहुतेक हेच धरतात. मुद्दामच असं टेबल घेतलंय की हा प्रसंग दोनदा येतो.

## रांग चालवून बघू

वेळ ०. रांगेत एकटी P1. तिला सीपीयू मिळतो, ३ मिलिसेकंद चालते, ७ पैकी ४ उरतात. ती चालत असताना वेळ २ ला P2 येऊन रांगेत उभी राहिली. वेळ ३ ला P1 चा क्वांटम संपला आणि त्याच क्षणी P3 आली. आपल्या नियमाप्रमाणे P3 आधी, मग P1. म्हणजे रांग झाली: P2, P3, P1.

वेळ ३. पुढची P2. ती ३ ते ६ चालते, ४ पैकी १ उरतो. वेळ ६ ला परत तोच प्रसंग, P2 चा क्वांटम संपतोय आणि P4 येतेय. P4 आधी, मग P2. पण हे दोघंही कुणाच्या मागे उभे राहणार ते नीट बघा: P3 आणि P1 तिथे आधीपासून उभ्या आहेत. रांग: P3, P1, P4, P2.

वेळ ६. P3 ला एकच मिलिसेकंद हवा होता, ६ ते ७ मध्ये ती संपली. क्वांटम तीनचा आहे म्हणून चार्टवर ६ ते ९ चा ठोकळा काढायचा नाही. एकच हंडा होता, तो भरला, नळ लगेच पुढच्याला. आणि पुढच्याला पूर्ण नवा क्वांटम मिळतो, P3 चे उरलेले दोन मिलिसेकंद नाही. रांग: P1, P4, P2.

वेळ ७. P1 ७ ते १० चालते, ४ पैकी १ उरतो, परत मागे जाते. रांग: P4, P2, P1.

वेळ १०. P4 चे तीन होते, ते तीनही एकाच क्वांटममध्ये झाले, १३ ला संपली. बर्स्ट आणि क्वांटम एकाच क्षणी संपले की ती प्रोसेस रांगेत परत जात नाही, ती संपलेली असते. रांग: P2, P1.

वेळ १३. P2 चा एक उरलेला, १४ ला संपली. मग P1 चा एक उरलेला, १५ ला संपली.

आता चार्ट काढायला डोकं लागतच नाही, जे लिहिलंय ते उतरवायचं:

```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P1 |
0    3    6    7    10   13   14   15
```

हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९१० च्या दशकात कारखान्यातली कामं कधी सुरू होतात कधी संपतात ते आडव्या पट्ट्यांत मांडायची पद्धत रूढ केली, त्यावरून हे नाव. तिथे पट्टी नेहमी झालेल्या किंवा ठरलेल्या कामाचा हिशेब दाखवते, निर्णय घेत नाही, आपल्या चार्टचंही तसंच आहे: निर्णय रांगेत झाले, चार्ट फक्त नोंद.

जर्नलमध्ये चार्टच्या खाली प्रत्येक क्षणाची रांग पण लिहा, तीन-चार ओळींचं काम आहे. तपासणाऱ्याला तुमचा टाय-नियम त्यातच दिसतो, आणि एखादी पायरी चुकली तर तुम्हालाही नेमकी तीच सापडते.

## वेटिंग आणि टर्नअराउंड कसं काढायचं

प्रोसेस शेवटची ज्या वेळेला चार्टवर संपते ती तिची कम्प्लिशन टाइम. P1 चार्टवर तीनदा आहे, तिची कम्प्लिशन १५, आधीच्या ३ आणि १० शी इथे देणंघेणं नाही.

टर्नअराउंड म्हणजे आल्यापासून काम पूर्ण होईपर्यंत गेलेला सगळा वेळ. वेटिंग म्हणजे त्यातला नुसता रांगेत उभा राहण्यात गेलेला वेळ. म्हणून:

```
टर्नअराउंड = कम्प्लिशन - अरायव्हल
वेटिंग     = टर्नअराउंड - बर्स्ट
```

```
प्रोसेस   कम्प्लिशन   टर्नअराउंड     वेटिंग
P1        15          15 - 0 = 15    15 - 7 = 8
P2        14          14 - 2 = 12    12 - 4 = 8
P3        7           7 - 3 = 4      4 - 1 = 3
P4        13          13 - 6 = 7     7 - 3 = 4
```

टर्नअराउंडची बेरीज ३८, सरासरी ९.५. वेटिंगची बेरीज २३, सरासरी ५.७५. दोन बेरजांमधला फरक ३८ − २३ = १५, म्हणजे बर्स्टची बेरीज. तो तसा नाही आला तर वजाबाकी कुठेतरी चुकलीय.

हे सगळं सूत्राने झालं, पण वेटिंग चार्टवरून थेट मोजूनही बघा, कारण तेव्हाच कळतं की वेटिंग खरंच काय आहे. P2 आली २ ला, पहिल्यांदा चालली ३ ला, म्हणजे १ थांबली. मग ६ ला बाहेर पडली ती थेट १३ ला परत आली, म्हणजे ७ थांबली. एकूण ८, जुळलं. P1 ३ ते ७ थांबली आणि १० ते १४ थांबली, चार आणि चार आठ. आल्यापासून पहिल्यांदा चालेपर्यंतची एक, आणि पुढे प्रोसेस चार्टवर जितक्यांदा तुटते तितक्या, अशा सगळ्या मोकळ्या जागा मोजायच्या.

बरेच जण इथे फक्त पहिली मोकळी जागा मोजतात, म्हणजे "पहिल्यांदा चालली तेव्हाची वेळ वजा अरायव्हल". मग येतं P1 ० , P2 १, P3 ३, P4 ४, सरासरी २. तुमचं उत्तर २ आलं असेल तर तुम्ही वेटिंग काढलेलंच नाही, ते रिस्पॉन्स टाइम आहे, पहिल्यांदा सीपीयूचा स्पर्श होईपर्यंतचा वेळ. एफसीएफएसमध्ये प्रोसेस एकदाच चालते म्हणून तिथे दोन्ही सारखे येतात, आणि तीच सवय इथे नडते.

## "पण माझा प्रोग्रॅम तर ५.०० प्रिंट करतो"

करत असेल, आणि हे फार ठिकाणी होतं. सी मधला जो कोड हातोहात फिरत असतो त्यात बहुतेक वेळा रांग नसतेच. असतो एक अॅरे आणि त्यावरचा i: पुढची प्रोसेस आली असेल तर i एकने वाढव, नसेल किंवा अॅरे संपला तर i परत शून्य. आपलं टेबल त्याला द्या, तो असं चालवेल:

```
| P1 | P2 | P3 | P4 | P1 | P2 | P1 |
0    3    6    7    10   13   14   15
```

संपतोय १५ लाच. फरक एवढाच की ७ ला P1 च्या ऐवजी P4 ला नंबर मिळाला. P4 ची कम्प्लिशन १० होते, वेटिंग १, सरासरी (८ + ८ + ३ + १) / ४ = ५.

आता विचारा, ७ ला P4 चा नंबर होता का? P1 वेळ ३ पासून रांगेत उभी आहे. P4 आली ६ ला. तीन मिलिसेकंद आधीपासून उभ्या असलेल्या P1 ला ओलांडून P4 पुढे कशी गेली? रांगेत तर गेली नसती. ती गेली कारण अॅरेमध्ये तिचा नंबर P3 च्या लगेच पुढे आहे. हाच तो घर नंबरवाला प्रकार. सगळ्या प्रोसेस शून्यालाच आलेल्या असतील तर हा कोड बरोबर उत्तर देतो, कारण तेव्हा रांगेचा क्रम आणि अॅरेचा क्रम एकच असतो, आणि म्हणूनच ही चूक इतके दिवस लपून राहते. अरायव्हल वेगवेगळे द्या, लगेच उघडी पडते.

दुरुस्ती फार नाही. खरी रांग ठेवा, आणि एक क्वांटम चालवून झाला की हे एवढं:

```c
run = rem[i] < q ? rem[i] : q;
t += run;
rem[i] -= run;
while (next < n && arr[next] <= t)
    push(next++);
if (rem[i] > 0)
    push(i);
else
    comp[i] = t;
```

अॅरे अरायव्हलप्रमाणे लावून घेतलेला हवा, आणि next म्हणजे अजून रांगेत न आलेली पहिली प्रोसेस. आधी नव्यांना आत घे, मग चालत होती तिला मागे लाव. हे दोन तुकडे उलटे लिहिले तरी प्रोग्रॅम चालतो, एररही येत नाही, पण क्वांटम चालू असताना आधीच आलेल्या प्रोसेसही मागे पडतात, म्हणजे वेळ ३ ला P2 च्या आधी परत P1 चालते आणि रांगच चुकते. रांग रिकामी झाली पण next अजून n पेक्षा कमी आहे, तर t ला arr[next] पर्यंत पुढे ढकला आणि चार्टवर तेवढा ठोकळा रिकामा दाखवा, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच फिरत बसेल.

## "नवीन आधी, हे कुणी ठरवलं?"

प्रश्न रास्त आहे. राउंड रॉबिन म्हणजे रांग आणि क्वांटम, एवढंच. एकाच क्षणी दोघं आले तर काय ते त्यात येत नाही. उलटा नियम धरून बघा, जुनी आधी. वेळ ३ ला रांग P2, P1, P3 होते. वेळ ६ ला P1, P3, P2, P4. मग चार्ट असा:

```
| P1 | P2 | P1 | P3 | P2 | P4 | P1 |
0    3    6    9    10   11   14   15
```

वेटिंग येतं P1 ८, P2 ५, P3 ६, P4 ५, बेरीज २४, सरासरी ६. हे उत्तर चूक नाही, वेगळ्या गृहीतकाचं आहे. मघाच्या ५ मध्ये आणि ह्या ६ मध्ये हाच फरक: ६ च्या मागे एक नियम आहे जो दोन्ही वेळेला सारखाच पाळला गेला, ५ च्या मागे रांगेचा कुठलाच नियम नाही. वाईट तेव्हा होतं जेव्हा वेळ ३ ला नवीन आधी धरतात आणि वेळ ६ ला विसरून जुनी आधी. म्हणून प्रश्नात सांगितलं नसेल तर उत्तराच्या वर एका ओळीत गृहीतक लिहा, "एकाच वेळी आल्यास नवीन प्रोसेस आधी". व्हायवाला हाच प्रश्न येतो आणि ती ओळ दाखवली की विषय संपतो.

## "एफसीएफएसची सरासरी कमी आली, मग राउंड रॉबिन हवंच कशाला?"

हे करून बघणारे थोडेच असतात, पण करून बघण्यासारखं आहे. तेच टेबल, एफसीएफएस:

```
| P1      | P2    | P3 | P4    |
0         7       11   12      15
```

वेटिंग ०, ५, ८, ६. बेरीज १९, सरासरी ४.७५. राउंड रॉबिनच्या ५.७५ पेक्षा चक्क कमी! इथे पोरं गडबडतात, वाटतं आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही. राउंड रॉबिन सरासरी वेटिंग कमी करायला आलेलंच नाही.

P3 कडे बघा. तिला एक मिलिसेकंदाचं काम आहे आणि एफसीएफएसमध्ये ती ८ थांबते, राउंड रॉबिनमध्ये ३. किंमत कोण मोजतं? P1, जिचं काम सगळ्यात लांबलचक, ती शून्यावरून आठवर गेली, आणि P2 पाचावरून आठवर. आणि रिस्पॉन्स टाइम बघा: एफसीएफएसमध्ये सरासरी ४.७५, राउंड रॉबिनमध्ये २. प्रत्येकाला लवकरात लवकर एकदा तरी सीपीयू मिळावा, ह्यासाठी ही पद्धत आहे. १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस नावाची सिस्टिम दाखवली गेली, एकाच मशीनला अनेक टर्मिनलं जोडलेली, तिथून टाइमशेअरिंगचा हा विचार पुढे आला. टर्मिनलवर कमांड टाइप केलेल्या माणसाला दुसऱ्याचं मोठं काम संपेपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही, मग सरासरी थोडी वाढली तरी चालते.

## क्वांटम केवढा घ्यायचा

गणितात तो दिलेला असतो, पण व्हायवाला विचारतात. आपल्याच टेबलवर बघू. क्वांटम ७ किंवा त्याहून मोठा घेतला तर प्रत्येक प्रोसेस एका खेपेत संपते, म्हणजे ते एफसीएफएसच झालं, वेटिंग ४.७५, आणि सीपीयू एका प्रोसेसकडून दुसरीकडे फक्त तीनदा जातो. क्वांटम ३ ला तो सहा वेळा गेला. क्वांटम १ घेतला तर सरासरी वेटिंग ५ येतं, रिस्पॉन्स अर्ध्या मिलिसेकंदावर येतो, पण अदलाबदल तेरा वेळा होते.

दोन गोष्टी दिसतात. एक, क्वांटम ७, ३, १ असा उतरत गेला तर वेटिंग ४.७५, ५.७५, ५ असं वर जाऊन खाली येतं, सरळ रेषेत वाढत नाही किंवा कमी होत नाही, तेव्हा "क्वांटम कमी केला की वेटिंग वाढतं" असं ठोकून लिहू नका. दुसरी, प्रत्येक अदलाबदलीला एका प्रोसेसची रजिस्टरं वगैरे जपून दुसरीची भरावी लागतात, तो कॉन्टेक्स्ट स्विच, आणि त्यालाही वेळ लागतो, एक हंडा बाजूला करून दुसरा नळाखाली लावायला लागतो तसा. आपल्या गणितात तो शून्य धरलाय. समजा तो ०.१ मिलिसेकंद असता, तर क्वांटम ३ ला ०.६ वाया गेले असते आणि क्वांटम १ ला १.३, १५ च्या कामावर.

प्रश्नात कॉन्टेक्स्ट स्विचचा वेळ दिला असेल तर तो दोन ठोकळ्यांच्या मधे वेगळा अरुंद ठोकळा म्हणून काढायचा, प्रोसेसच्या ठोकळ्यात मिसळायचा नाही. मग चार्ट १५ ला संपणार नाही, त्याच्या पुढे जाईल, आणि टर्नअराउंड वजा बर्स्ट करून जे वेटिंग येतं त्यात हा वेळही धरला जातो.

## खऱ्या कॉम्प्युटरवर हे असंच चालतं का?

नेमकं असंच नाही. एक तर खरी प्रोसेस सलग सीपीयू मागत नाही, मध्येच डिस्कची नाहीतर नेटवर्कची वाट बघायला थांबते, तेव्हा ती रेडी क्यूमधून बाहेर असते आणि क्वांटम अर्धाच सोडून देते. तिला बर्स्ट किती लागणार हेही आधी माहीत नसतं; राउंड रॉबिनला ते माहीत असण्याची गरजही नाही, तो आकडा फक्त आपल्याला गणित सोडवायला लागतो. एसजेएफला मात्र तो लागतोच.

लिनक्समध्ये साध्या प्रोसेससाठी वेगळा शेड्युलर आहे, २०२३ च्या ६.६ कर्नलपासून ईईव्हीडीएफ नावाचा, तो कुणाला आत्तापर्यंत किती सीपीयू मिळाला ते मोजत राहतो. पण रिअल-टाइम कामांसाठी `SCHED_RR` नावाची पॉलिसी आहे आणि ती अक्षरशः आपलं राउंड रॉबिन आहे, फक्त एकाच प्रायोरिटीच्या प्रोसेसमध्ये. तिचा क्वांटम तुमच्या लॅबमधल्या लिनक्स मशीनवरच बघता येतो:

```
cat /proc/sys/kernel/sched_rr_timeslice_ms
```

डीफॉल्ट १०० मिलिसेकंद असतो. कुणी बदलला नसेल तर साधारण तेवढाच आकडा दिसेल.